वॉलेटमधला आकडा आणि बँकेतले पैसे: जुगार कंपनी बुडाली तर खेळाडूंच्या शिल्लकेचं काय होतं?

22 ऑगस्ट 2025 ला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यानंतरचे काही दिवस ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत जाणारी पोरं एकमेकांना एकच प्रश्न विचारत होती: वॉलेटमध्ये पैसे आहेत, ते मिळणार ना? माझं काम दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांकडे आलेले धनकोंचे दावे तपासण्याचं आहे, ऑफिस वाशीला. त्यामुळे सोसायटीतल्या मुलांनी तो प्रश्न मलाही विचारला. "दादा, अॅपवर लिहिलंय की खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत. म्हणजे सेफ ना?"

त्या वेळी मोठ्या भारतीय कंपन्यांनी रोख स्पर्धा थांबवल्या आणि शिल्लक काढून घेता येईल असं जाहीर केलं. पण तो धंदा बंद होण्याचा प्रकार होता, कंपनी बुडण्याचा नव्हे. धंदा बंद करणाऱ्या कंपनीकडे देणी भागवण्याइतके पैसे असू शकतात. बुडालेल्या कंपनीकडे ते नसतातच, आणि "वेगळं खातं" या शब्दांची खरी परीक्षा तिथे होते. ती परीक्षा कशी होते आणि वेगळं खातं तिच्यात कितपत टिकतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

स्क्रीनवरचा आकडा म्हणजे काय

आपण अॅपमध्ये 6,000 रुपये भरले की वॉलेटमध्ये 6,000 दिसतात. ते बँक खात्यासारखं दिसतं, म्हणून आपण त्याला "माझे पैसे" म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र पैसे कंपनीच्या खात्यात गेले त्या क्षणी ते कंपनीचे झाले. आपल्याकडे उरलं ते फक्त येणं. "कंपनीने मला 6,000 रुपये द्यायचे आहेत," असं सांगणारी ती एक नोंद आहे. कंपनी धडधाकट असेपर्यंत पैसे आणि येणं यांत काही फरक जाणवत नाही, कारण मागितले की मिळतात. फरक कळतो तो कंपनी बुडाल्यावर, कारण तेव्हा येणं असलेल्या सगळ्यांना रांगेत उभं राहावं लागतं.

बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो. जुगाराच्या वॉलेटला असा विमा आपल्याकडे नाही आणि ब्रिटनमध्येही नाही. तिथली ग्राहकांना भरपाई देणारी योजना बँका, गुंतवणूक कंपन्या वगैरेंसाठी आहे, जुगाराच्या खात्यांना ती लागू होत नाही.

तो आकडा पूर्णपणे रोखीचा असतो असंही नाही. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. म्हणजे 100 रुपये भरले की त्यातले सुमारे 21.88 रुपये कर म्हणून सरकारकडे जायचे आणि खेळासाठी 78.12 उरायचे. खेळाडू नाराज होऊ नयेत म्हणून बऱ्याच अॅप्सनी तेवढ्याच रकमेचा बोनस वरून जोडला, आणि वॉलेटमध्ये पुन्हा 100 दिसू लागले. त्यातली रोख 78 रुपयांची, बाकीचा बोनस. बोनस काढून घेता येत नाही, त्यामुळे कुठलीही कंपनी त्यासाठी बँकेत पैसे बाजूला ठेवत नाही. पैसे वेगळे ठेवलेत म्हणणारी अगदी प्रामाणिक कंपनीसुद्धा या 100 साठी 78 च ठेवेल.

वेगळं खातं आणि ट्रस्ट

सगळा घोटाळा या दोन गोष्टी एकच समजण्यातून होतो. म्हणून इथे थोडं थांबू.

समजा नौपाड्यातल्या एका गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार वर्गणीचे पैसे स्वतःच्या पगाराच्या खात्यात ठेवत नाही. त्याने त्यांच्यासाठी दुसरं बचत खातं उघडलं आहे, पण तेही स्वतःच्याच नावाने. माणूस सरळ आहे, वर्गणीतला एक रुपयाही तो घरखर्चाला वापरत नाही. पुढे त्याच्या दुकानाचं कर्ज थकतं आणि सावकार कोर्टातून त्याच्या खात्यांवर जप्ती आणतो. बँकेला दिसतं एवढंच की ही दोन्ही खाती याच माणसाची आहेत. पैसे मंडळाचे आहेत हे त्याने मनात ठरवलेलं असतं, कागदावर ते कुठेच नसतं. तेच खातं नोंदणीकृत मंडळाच्या नावाने, विश्वस्तांच्या सह्यांनी चालत असतं, तर सावकाराला त्याला हात लावता आला नसता.

जुगार कंपनीचंही असंच असतं. तिने खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले, पण खातं तिच्याच नावावर असलं, तर त्या वेगळेपणाचा उपयोग कंपनी जिवंत असेपर्यंतच. हिशेब स्वच्छ राहतो, पगार आणि जाहिरातींना ते पैसे वापरले जात नाहीत, रोजच्या रोज ताळा जुळवता येतो. हा उपयोग खरा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण दिवाळखोरीचा अर्ज मंजूर झाला की ते खातंही कंपनीची मालमत्ता ठरतं.

ट्रस्ट असेल तर कायद्याने मालक बदलतो. कंपनी पैसे ट्रस्टच्या दस्तऐवजाने बांधते: हे पैसे खेळाडूंचे आहेत, आम्ही किंवा नेमलेला विश्वस्त ते फक्त सांभाळतो. आपला 2016 चा दिवाळखोरी कायदा, ज्याला सगळे आयबीसी म्हणतात, त्याच्या कलम 36 मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे: कंपनीने दुसऱ्या कुणासाठी ट्रस्टमध्ये धरलेली मालमत्ता लिक्विडेशनच्या, म्हणजे कंपनी मोडीत काढून देणी भागवण्याच्या, मालमत्तेत धरायची नाही. ते काम पाहणाऱ्या लिक्विडेटरने ती धनकोंना वाटायची नाही.

एक हिशेब मांडून पाहू

एक काल्पनिक कंपनी घेऊ. सगळ्या खेळाडूंची रोख शिल्लक मिळून ती 10 कोटी रुपये देणं लागते. "खेळाडू निधी" नावाच्या खात्यात 9 कोटी आहेत. एक कोटी कमी आहे, कारण पेमेंट गेटवेने काही रक्कम राखून ठेवली आहे. कंपनीच्या चालू खात्यात आणखी एक कोटी आहे. देणी अशी: सगळ्या मालमत्तेवर तारण घेतलेल्या बँकेचे 4 कोटी, कर्मचाऱ्यांच्या पगाराचे 1 कोटी, सरकारी कराचे 2 कोटी, जाहिरात एजन्सी आणि सर्व्हरवाले वगैरेंचे 5 कोटी. शिवाय लिक्विडेशनचा खर्च 50 लाख. आपल्या सोसायटीतल्या एका मुलाचे या कंपनीकडे 6,000 रुपये अडकले आहेत.

आधी समजू की "खेळाडू निधी" हे नुसतं वेगळं खातं आहे, ट्रस्ट नाही. तर दोन्ही खाती एकत्र मोजली जातात, म्हणजे एकूण 10 कोटी. आयबीसीच्या कलम 53 मध्ये वाटपाचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी खर्चाचे 50 लाख जातात. मग तारण असलेल्या बँकेचे 4 कोटी आणि कर्मचाऱ्यांचे 1 कोटी. उरतात साडेचार कोटी. त्यातून सरकारचे 2 कोटी गेले की अडीच कोटी राहतात. आता खेळाडूंचा नंबर येतो, पण एकट्यांचा नाही. त्यांचे 10 कोटी आणि एजन्सीवाल्यांचे 5 कोटी अशा 15 कोटींच्या देण्यासाठी अडीच कोटी आहेत. रुपयामागे साधारण 16 ते 17 पैसे. आपल्या मुलाला 6,000 चे 1,000 मिळतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. खात्यात खेळाडूंसाठी 9 कोटी खरोखर होते. कुणी चोरी केलेली नाही. तरीही बँकेचं कर्ज, पगार आणि कर हे सगळं प्रामुख्याने खेळाडूंच्या पैशांतूनच भागलं.

आता तेच 9 कोटी ट्रस्टमध्ये आहेत असं समजू. कंपनीच्या मालमत्तेत एकच कोटी उरतो. त्यातले 50 लाख खर्चात आणि 50 लाख बँकेला जातात, बाकी सगळे रिकाम्या हाताने परत. ट्रस्टमधले 9 कोटी मात्र 10 कोटींच्या खेळाडूंमध्येच वाटले जातात. रुपयामागे 90 पैसे, म्हणजे आपल्या मुलाला 5,400. यातून विश्वस्ताचा खर्च वजा होऊ शकतो आणि वाटपाला काही महिने लागू शकतात, पण 1,000 आणि 5,400 यांतला फरक फक्त एका दस्तऐवजाने पडला. राहिलेले 600 रुपये? ते ट्रस्टमध्ये कधी पोचलेच नव्हते. ट्रस्ट जे आत आलं तेवढंच राखतो, न आलेलं भरून देत नाही.

फुल टिल्ट: पैसेच नव्हते तेव्हा

वरच्या हिशेबात कंपनी प्रामाणिक होती. सगळ्याच कंपन्या तशा नसतात. जगभरच्या पोकर खेळणाऱ्यांना आजही आठवतं ते प्रकरण फुल टिल्ट पोकर या कंपनीचं. मला ते इतर कुठल्याही प्रकरणापेक्षा जास्त शिकवणारं वाटतं, कारण त्यात एकाच दिवशी दोन मोठ्या कंपन्यांना एकाच प्रकारचा फटका बसला आणि त्यांच्या खेळाडूंचं नशीब मात्र अगदी वेगळं निघालं.

15 एप्रिल 2011 ला अमेरिकी सरकारी वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या कंपन्यांशी संबंधित लोकांवर गुन्हे दाखल केले आणि त्यांची संकेतस्थळं अमेरिकेत बंद पाडली. अमेरिकी खेळाडूंचे पैसे एका रात्रीत अडकले. पोकरस्टार्सने खेळाडूंचे पैसे खरोखर वेगळे आणि पूर्ण ठेवले होते. तिने सरकारशी बोलणी केली आणि काही आठवड्यांत अमेरिकी खेळाडूंना शिल्लक परत मिळू लागली. फुल टिल्टचे खेळाडू वाट पाहत राहिले.

फुल टिल्टचा परवाना ऑल्डर्नी या इंग्लिश खाडीतल्या छोट्या बेटाचा होता. तिथल्या नियामकाने 29 जून 2011 ला तो स्थगित केला आणि सप्टेंबरअखेर रद्द केला. त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकी न्याय खात्याने कोर्टात सुधारित दावा दाखल केला आणि आतला हिशेब उघड झाला. 31 मार्च 2011 ला, म्हणजे धाड पडण्याच्या दोन आठवडे आधी, कंपनी खेळाडूंना सुमारे 39 कोटी डॉलर देणं लागत होती. तिच्या सगळ्या बँक खात्यांत मिळून सुमारे 6 कोटी डॉलर होते. डॉलरमागे 15-16 सेंट. त्याच दाव्यानुसार 2007 पासून संचालक आणि मालकांना 44 कोटी डॉलरच्या आसपास वाटले गेले होते. खेळाडूंना आणि नियामकाला मात्र सांगितलं जात होतं की तुमचे पैसे सुरक्षित आहेत, हवे तेव्हा काढता येतील.

पैसे वाटून टाकले हे कळायला सोपं आहे. खड्ड्याचं दुसरं कारण जास्त शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत ऑनलाइन पोकरचे पैसे घ्यायला बँका तयार नव्हत्या, म्हणून कंपन्या मध्यस्थांमार्फत खेळाडूंच्या बँक खात्यांतून पैसे ओढत. सरकार या मध्यस्थांची खाती जप्त करत गेलं आणि फुल टिल्टकडे पैसे ओढणारं कुणी उरेनासं झालं. तरी कंपनीने खेळाडूंना थांबवलं नाही. खेळाडूने "500 डॉलर जमा करा" म्हटलं की वॉलेटमध्ये 500 दिसायचे, पण त्याच्या बँकेतून ते कधी निघालेच नाहीत. न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार असे हवेतले जमा सुमारे 13 कोटी डॉलरपर्यंत गेले.

आता पुढचं पाहा. हवेतले 500 डॉलर घेऊन खेळायला बसलेला माणूस ते हरला. टेबलावर जिंकणाऱ्याने मात्र खरे पैसे भरले होते आणि त्याची शिल्लक 500 ने वाढली. त्याचं येणं खरं, त्यामागचा पैसा खोटा. पोकरमध्ये पैसे एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे एकदा खोटे जमा आत शिरले की ते सगळ्या शिल्लकांत मिसळतात आणि वेगळे काढता येत नाहीत. अशा वेळी खातं वेगळं असलं तरी उपयोग नाही, कारण वेगळ्या खात्यात ठेवायला काही आलेलंच नसतं. म्हणूनच कुठल्याही संरक्षणाचा गाभा रोजच्या ताळ्यात असतो: आज सगळ्या खेळाडूंच्या शिल्लकांची बेरीज किती, बँकेत प्रत्यक्ष किती, आणि मधला फरक का. फुल टिल्टला आणि तिच्या नियामकाला हा ताळा वेळेवर मांडून कारवाई करता आली असती, तर खड्डा इतका मोठा झाला नसता.

मग खेळाडूंना पैसे मिळाले का? मिळाले, पण संरक्षणामुळे नाही. 31 जुलै 2012 ला पोकरस्टार्सने अमेरिकी सरकारशी तडजोड करून फुल टिल्टची मालमत्ता घेतली, सरकारला 54.7 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंचे 18.4 कोटी डॉलर फेडायची जबाबदारी उचलली. त्या खेळाडूंना नोव्हेंबर 2012 मध्ये शिल्लक काढता आली. अमेरिकी खेळाडूंना सरकारकडे दावे करावे लागले, आणि त्यांचा पहिला हप्ता फेब्रुवारी 2014 च्या अखेरीस निघाला, जवळपास तीन वर्षांनी. प्रतिस्पर्धी कंपनीला हा व्यवहार फायद्याचा वाटला नसता, तर खेळाडूंच्या वाट्याला त्या 15 सेंटांतलाच काही भाग आला असता. अशा सोडवणुकीवर कुणीही भिस्त ठेवू नये.

ब्रिटनने काय केलं, आणि तिथेही काय सुटलं

ब्रिटनच्या गॅम्ब्लिंग कमिशनची पद्धत मला प्रामाणिक वाटते, कारण ती नसलेलं संरक्षण आहे असं भासवत नाही. परवानाधारक ऑनलाइन कंपनीने ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचेच, हा नियम आहे. पण कंपनी बुडाल्यावर ते पैसे वाचलेच पाहिजेत असा नियम नाही. त्याऐवजी कंपनीने आपल्या संरक्षणाची पातळी ग्राहकाला सांगायची. पहिल्यांदा पैसे भरताना ग्राहकाने ती वाचल्याचं मान्य करायचं, आणि पातळी बदलली तर पुन्हा मान्य करायचं.

पातळ्या तीन आहेत. सगळ्यात खालची म्हणजे "संरक्षण नाही". पैसे वेगळ्या खात्यात असले तरी हाच शेरा लागतो, आणि आपल्या मंडळाच्या खजिनदाराचं उदाहरण आठवलं तर तो का लागतो हे कळेल. मधली पातळी "मध्यम": दिवाळखोरीत पैसे खेळाडूंना मिळावेत यासाठी विमा किंवा तसली काही व्यवस्था केलेली असते, पण ती पूर्ण स्वतंत्र नसते. वरची "उच्च": पैसे कायद्याने स्वतंत्र ट्रस्टमध्ये असतात आणि त्यावर बाहेरच्या माणसाची देखरेख असते.

2021 मध्ये याची मोठी परीक्षा झाली. फुटबॉल इंडेक्स नावाच्या कंपनीत लोक फुटबॉलपटूंचे "शेअर" विकत घ्यायचे. तो फुटबॉलपटू मैदानावर चमकला की लाभांश मिळायचा. नावं शेअर बाजाराची असली तरी कायद्याने ती पैज होती. मार्च 2021 मध्ये कंपनीने लाभांश एकदम कमी केला, भाव कोसळले आणि 11 मार्चला परवाना स्थगित झाला. या कंपनीची पातळी "मध्यम" होती आणि ग्राहकांच्या संरक्षणासाठी ट्रस्टही होता.

तो ट्रस्ट बऱ्यापैकी चालला. कुणाला किती द्यायचं हे ठरवायला लंडनच्या उच्च न्यायालयात जावं लागलं, पण खात्यात पडलेली रोख शिल्लक लोकांना परत मिळण्याचा मार्ग निघाला. लोकांचे खरे पैसे मात्र रोख शिल्लकेत नव्हतेच. सुमारे 9 कोटी पौंड त्या "शेअरां"मध्ये, म्हणजे अजून निकाल न लागलेल्या पैजांमध्ये होते, आणि त्यांना ट्रस्टचं छत्र नव्हतं. पैज लावली त्या क्षणी पैसे ग्राहक खात्यातून कंपनीकडे गेले होते. अनेकांना हे कंपनी बुडाल्यावर कळलं.

हे इथल्या फँटसी क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर वॉलेटमधले पैसे एक आणि सुरू असलेल्या कॉन्टेस्टमध्ये लावलेले पैसे दुसरे. कंपनी मॅच चालू असताना बुडाली, तर प्रवेश फी परत मिळणार की बक्षिसाचा हक्क राहणार की काहीच नाही, हे ट्रस्टच्या दस्तऐवजातल्या व्याख्येवर ठरतं. "ग्राहकांचे पैसे" या शब्दांत निकाल लागलेली पण अजून न दिलेली जिंकलेली रक्कम येते का, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. चांगल्या दस्तऐवजात ती येते. लावलेली पैज बहुधा येत नाही.

आपल्याकडे ठाण्यात बसून खेळणाऱ्याचं काय

नव्या कायद्यानंतर पैशांचा ऑनलाइन खेळ भारतात चालवणं, त्याची जाहिरात करणं आणि त्यासाठी बँकेने पैसे वळते करणं, तिन्ही बंद आहेत. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. तरीही परदेशी अॅप्सचे दुवे टेलिग्रामवर फिरतात आणि कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत लोक त्यांत पैसे भरतात. त्या अॅप्सच्या तळाशी कुठल्यातरी बेटाच्या परवान्याचं चिन्ह असतं आणि काहींवर ठळक लिहिलेलं असतं की ग्राहकांचे पैसे स्वतंत्र खात्यात आहेत.

ते वाक्य कायद्याने कितपत टिकेल हे पाहायच्याही आधी एक साधी गोष्ट तपासता येते: तुम्ही पैसे कुणाला पाठवले? जीपे किंवा फोनपेचा जुना व्यवहार उघडा आणि घेणाऱ्याचं नाव वाचा. तिथे परवानाधारक कंपनीचं नाव नसतं. कुठल्यातरी ट्रेडर्सचं, मोबाइल शॉपचं किंवा थेट एखाद्या व्यक्तीचं नाव असतं, आणि पुढच्या वेळी ते बदललेलं असतं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. पैसे त्यांतून तासाभरात पुढे जातात. तुमचे पैसे परवानाधारक कंपनीच्या कुठल्याच खात्यात पोचल्याचा पुरावा नाही, मग ते वेगळ्या खात्यात आहेत हे कसं मानायचं? फुल टिल्टच्या हवेतल्या पैशांचा हा उलटा प्रकार झाला. तिथे खात्यातून न निघालेले पैसे वॉलेटमध्ये दिसत होते. इथे पैसे तुमच्या खात्यातून खरोखर निघतात, पण दुसऱ्या टोकाला कुणी ते मिळाल्याचं कबूल करेलच असं नाही.

असं अॅप बंद पडलं तर इथल्या कोर्टात मागणी करताना आणखी एक अडचण येते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेली रक्कम मागण्यासाठी दावा करता येत नाही, आणि पैजेच्या निकालावर ठेवायला म्हणून कुणाकडे दिलेली रक्कम परत मागण्यासाठीही नाही. आयबीसी लागू होतो तो भारतात नोंदलेल्या कंपनीला. परदेशी बेटावरच्या कंपनीच्या लिक्विडेटरकडे दावा करायचा तर तो तिथल्या कायद्याने, तिथल्या भाषेत आणि तिथल्या वकिलामार्फत. 6,000 रुपयांसाठी हे कुणी करत नाही, आणि अशी अॅप्स त्याच्यावरच जगतात.

भारतात नोंदलेली जुनी कंपनी आता दिवाळखोरीत गेली, तर चित्र थोडं बरं असतं. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की जाहीर नोटीस निघते, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. तिच्यात दावे पाठवायची शेवटची तारीख आणि कंपनीचा कारभार तात्पुरता पाहायला नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाचा ईमेल असतो. ज्याचं येणं ना कर्ज आहे ना माल-सेवेचं बिल, त्याने साधारणपणे "इतर धनको" म्हणून फॉर्म एफ भरायचा. दावे तपासताना मी जे शोधतो तेच सांगतो: तुम्ही पैसे भरल्याचं बँक स्टेटमेंट, अॅपमध्ये रोख, जिंकलेली रक्कम आणि बोनस वेगवेगळे दिसतील असा तारखेसकट स्क्रीनशॉट, पैसे काढायची विनंती केल्याचा क्रमांक, आणि ज्या दिवशी तुम्ही खातं उघडलं त्या दिवशीच्या अटी. शेवटचा कागद बहुतेकांकडे नसतो. पण "आम्ही तुमचे पैसे ट्रस्टमध्ये धरतो" हे वाक्य त्यातच असतं, आणि ते सापडलं तर दाव्यासोबत वेगळं पत्र जोडून लिहायचं की ही रक्कम कंपनीची मालमत्ताच नाही. नुसता फॉर्म भरला तर तुम्ही आपणहून रांगेत उभे राहिलात असा अर्थ निघू शकतो.

अटी वाचताना "स्वतंत्र खाते" या शब्दांवर थांबू नका. पुढे "विश्वस्त" शब्द आहे का, विश्वस्त कोण हे नावाने लिहिलं आहे का, आणि कंपनी दिवाळखोरीत गेल्यास काय होईल असं वाक्य आहे का, ते पाहा. हे तिन्ही नसेल तर ते खातं कंपनीचंच समजा.

पैसे काढायची विनंती अडकू लागली की थांबून पाहण्यात दिवस घालवू नका. कंपनी आतून कोरडी पडत असल्याचं पहिलं चिन्ह बहुतेक वेळा हेच असतं. आधी एका दिवसात येणारे पैसे आठवड्यावर जातात. मग पुन्हा केवायसी मागितलं जातं. मग काढायची मर्यादा कमी होते, आणि त्याच वेळी नवे पैसे भरण्यावर मोठा बोनस लावला जातो. भाड्याच्या खात्यात पैसे पाठवले गेले असतील आणि फसवणूक झाल्याचं लक्षात आलं असेल तर 1930 वर लगेच फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवले गेले तरच ते हाती लागण्याची शक्यता असते. आणि अशा अॅपकडून जिंकलेले पैसे एखाद्या अनोळखी माणसाच्या खात्यातून तुमच्या खात्यात आले असतील, तर ते खातं तपासात सापडल्यावर तुमच्या खात्यावरही बंधन येऊ शकतं. ज्या खात्यात पगार जमा होतो ते अशा व्यवहारांपासून लांब ठेवा.